वगळण्याची मुभा

शाळेत तिला सगळे तराजूबाई म्हणायचे, आणि कौतुकाने म्हणायचे असं मुळीच नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारावं, "काय बाई, चहा बरा की कॉफी?" तर ही बया सांगणार, "चहावाल्यांचं म्हणणं एक आहे, कॉफीवाल्यांचं दुसरं, आणि चहावाल्यांतही बिनदुधाचे निराळे." लोक हसायचे. हसू देत. तिच्या विषयात हेच कसब लागतं हे हसणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं?

विषयाचं नाव धर्मपरिचय. सातवी-आठवीला, आठवड्यातून दोन तास. नाव ऐकून नव्या पालकांचा हमखास घोटाळा व्हायचा. त्यांना वाटायचं, बाई धर्म शिकवतात. बाई धर्म शिकवत नव्हती, धर्मांविषयी शिकवत होती. ऐकायला फरक केसाएवढा, पण त्या केसावर तिची सगळी नोकरी उभी होती.

उपवासाचा धडा घ्या. "उपवासाने मन शुद्ध होतं," हे वाक्य बाईच्या तोंडून मेलं तरी निघायचं नाही. ती म्हणायची, "या धर्मातले लोक मानतात की उपवासाने मन शुद्ध होतं. त्यांच्यातलेच काही म्हणतात, पोट रिकामं ठेवण्यापेक्षा जीभ आवरा. आणि काही घरांत उपवास करतच नाहीत, तीही चांगली माणसं असतात." परीक्षेत 'उपवासाचं महत्त्व पटवून द्या' असा प्रश्न तिने कधी घातला नाही. पटवणं हे तिचं काम नव्हतं. ती विचारायची, 'अमुक धर्मात उपवास का करतात? त्याबद्दल त्याच धर्मात कोणती दोन मतं आहेत?' उत्तर लिहिणारं पोर मानतं की नाही, याला शून्य गुण. म्हणजे कापायचेही नाहीत, द्यायचेही नाहीत.

सहलीला ती वर्गाला निरनिराळ्या प्रार्थनाघरांत न्यायची. मागे उभं राहायचं, बघायचं, प्रश्न बाहेर आल्यावर विचारायचे. हात कुणी जोडायचे नाहीत, आणि ज्याच्या घरचंच ते प्रार्थनाघर आहे त्याने जोडले तर त्याच्याकडे टकामका बघायचं नाही. वर्गात एखाद्या मुलाला "तुमच्यात काय करतात रे?" असं बोट दाखवून विचारायची तिला सक्त मनाई होती, आणि ती मनाई तिने स्वतःच स्वतःला घातली होती. पोराला आपणहून सांगायचं असेल तर सांगू दे, नाहीतर गप्प बसू दे. बारा वर्षांच्या लेकराला अख्ख्या धर्माचा वकील करून उभं करायचं म्हणजे काय?

गंमत म्हणजे पोरं आपणहून सांगायची. एक अबोल मुलगी, तिच्या धर्माची शाळेत ती एकटीच, एकदा उठून उभी राहिली आणि तिच्या आजीच्या मौनाच्या दिवसाची गोष्ट सांगून गेली. आजी दिवसभर बोलायची नाही, पण खुणांनी असं काही रागवायची की बोललेली परवडली. अख्खा वर्ग खो खो हसला आणि मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या भोवती गराडा पडला. तराजूबाईने त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला दहादा तेच सांगितलं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. त्याने काच पुसता पुसता ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आज पगार वसूल झाला म्हण की."

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर त्यांची स्वतःची लेकही बसायची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती कधी एका जागी ठरायचीच नाही. शाळेत आईला 'बाई' म्हणायचं आणि घरात 'आई', हा नियम तिने इतका चोख पाळला होता की कधी कधी घरीसुद्धा "बाई, भूक लागली" म्हणून जायची. घरात धर्म होता म्हणावं तर नव्हता, नव्हता म्हणावं तर आजोबांच्या वेळच्या दोन-चार सवयी होत्या. विचारलंच तर नवरा म्हणायचा, "आम्ही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललं की कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतंच.

खात्यात नवे मंत्री आले. धर्मपरिषदेने, म्हणजे बहुसंख्यांच्या धर्माच्या वडीलधाऱ्या मंडळींनी, त्यांच्याकडे मागणी केली की शाळेत धर्माची नुसती माहिती नको, धर्म शिकवा. मुलं बिघडली आहेत, संस्कार उरले नाहीत, वगैरे वगैरे. मंत्र्याने काय केलं? जे मंत्री करतात तेच. समिती नेमली. आणि समितीपुढे ठेवायला दोन्ही बाजू तोलून एक धोरणविषयक निबंध हवा म्हणून शोध घेतला, तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. तराजूबाई.

बाई हरखली. का हरखू नये? इतकी वर्षं थट्टा ऐकली, आता त्याच तराजूची सरकारला गरज पडली. तिला पक्कं ठाऊक होतं की पणाला काय लागलंय. निबंध उभा राहिला तर हा विषय राज्यातल्या प्रत्येक शाळेत जाईल, आणि पडला तर तिच्या वर्गातली एका खोलीत बसलेली पोरं धर्माधर्माने वेगळ्या खोल्यांत जातील. मधलं काही नाही.

तिने मान मोडून लिहिलं. आणि प्रामाणिकपणे लिहिलं, हे तिच्या शत्रूनेही कबूल करावं. धर्म शिकवायला हवा म्हणणाऱ्यांची बाजू तिने आधी मांडली आणि त्यांनी स्वतः मांडली असती त्याहून नेटकी मांडली. आपल्या मुलाला आपल्या श्रद्धेत वाढवायचा आईबापांना हक्क आहे. श्रद्धा ही आतून समजते, काठावर उभं राहून पोहण्याची माहिती घेऊन कुणी पोहत नाही. आणि सगळे धर्म एका रांगेत मांडून दाखवणं हीही काही धुतल्या तांदळासारखी निष्पक्ष गोष्ट नाही. रांगेत मांडलं की पोराला न सांगताच कळतं की आपला धर्म हा अनेकांतला एक. श्रद्धाळू बापाला हेच झोंबतं, आणि त्याचं झोंबणं खोटं नाही. हेसुद्धा तिने लिहिलं.

मग दुसरी बाजू. शाळेत यायची मुलावर सक्ती असते, प्रार्थनाघरात नसते. शिक्षकाच्या हातात गुण असतात, शाबासकी असते, शिक्षा असते. ज्याच्या हातात गुण आहेत त्याने "हे खरं आहे" म्हटलं की पोराला "मला नाही वाटत" म्हणायची सोय उरत नाही. आईबापांचा हक्क घरी आहे, प्रार्थनाघरी आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण सरकारच्या पगारावर, सरकारच्या खोलीत, सरकारच्या परीक्षेत एका श्रद्धेला खरं ठरवणं हा हक्क कुणाचाच नाही.

आणि मग तिने कसोट्या दिल्या, कारण नावावर कुणी जाऊ नये. 'धर्मपरिचय' पाटीखाली धर्म शिकवता येतो आणि 'धर्म' या पाटीखाली नुसती माहिती देता येते. म्हणून विचारा: शिक्षक कोण नेमतो, शिक्षण खातं की धर्मपरिषद? पुस्तक कोण लिहितो? परीक्षा काय तपासते, ठाऊक असणं की मानणं? मुलाला नुसतं बघायचंय की भागही घ्यायचाय? आणि शेवटची कसोटी, जिच्यावर ती फिदा होती: सगळ्या घरांतली मुलं एकत्र, न अवघडता, त्या तासाला बसू शकतात का? बसू शकत असतील तर तो विषय सर्वांचा, गणितासारखा. त्यातून कुणाला बाहेर पडायची गरजच पडू नये.

इथपर्यंत सगळं झ्याक होतं. मग सचिवाचा फोन आला.

सचिव म्हणजे समितीचं सगळं कामकाज बघणारा खात्यातला अधिकारी. बोलणं गोड. "बाई, निबंध वाचला. वा! पण एक अडचण आहे. काही पालक घाबरलेत. त्यांना वाटतं, आपल्या मुलांना दुसऱ्यांचे धर्म शिकवून बाटवणार. तुम्ही एक ओळ घाला ना, की ज्या पालकाला नको असेल त्याला आपलं मूल या तासातून वगळता येईल. कारण द्यायला नको. लोकांच्या पोटातली भीती जाईल, निबंध लोण्यातून सुरी जावी तसा जाईल. शंभरातले दोन जण तरी वगळतील का? उगाच आपलं समाधान."

बाई म्हणाली, "विचार करते."

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "नको घालूस. सर्वांचा विषय आहे म्हणतेस आणि बाहेर जायला दारही ठेवतेस. दार ठेवलंस की त्यातून कुणी बाहेरच जाईल असं नाही, आतही येईल."

"तुला काय कळतंय त्यातलं?" बाई फणकारली. "दुकानात बस तू."

तिला कळत नव्हतं असं नाही हो. तिच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं की ज्या विषयातून मूल काढायची मुभा ठेवावी लागते, तो विषय सर्वांचा नसतो. तिनेच तर लिहिलं होतं. पण तिच्या स्वभावातच दोन्ही पारडी समान ठेवायची खोड. समोरचा घाबरलाय म्हटल्यावर त्याच्या पारड्यात चिमूटभर टाकल्याशिवाय तिला झोप यायची नाही. शहाणीसुरती बाई, पण आपल्या चांगुलपणाचा तिला जरा अभिमानच होता. तिने ओळ घातली. वर छान शब्दांत हेही लिहिलं की वगळलेल्या मुलाला कोणताही कमीपणा वाटू नये, याची शाळेने काळजी घ्यावी. लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना माणसाला इतकं बरं वाटावं, याला काय म्हणावं!

समितीची बैठक खात्याच्या मोठ्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे निबंधाची प्रत. अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या उजवीकडे धर्मपरिषदेचे धर्मगुरू, डावीकडे सचिव. बाकी दोघं-तिघं मान डोलवायला.

धर्मगुरू भांडकुदळ असते तर बाईला सोपं गेलं असतं. पण माणूस हसतमुख, हुशार आणि बाईचा निबंध त्यांनी खरोखर वाचलेला. "ताई," ते म्हणाले, "आमची बाजू तुम्ही आमच्यापेक्षा चांगली मांडलीत. मी आमच्या परिषदेत वाचून दाखवली. आणि त्या मुभेबद्दल तर तुमचे आभारच मानले पाहिजेत."

"मुभेबद्दल?" बाईने विचारलं.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "बाई, चौथ्या पानावर तुम्ही म्हणता, हा विषय सर्वांचा, गणितासारखा. यातून कुणाला बाहेर पडायची गरज पडू नये. बरोबर?"

"हो."

"नवव्या पानावर म्हणता, कुठल्याही पालकाला कारण न देता मूल बाहेर काढता यावं. हेही तुमचंच?"

"माझंच, पण ते पालकांची भीती जावी म्हणून. सचिवसाहेबांनीच..."

सचिवसाहेब पाण्याच्या बाटलीचं झाकण मन लावून उघडत होते. बाटलीत काय अमृत होतं कोण जाणे.

"गणितातून मूल काढता येतं का?"

"नाही."

"मग हा विषय गणितासारखा नाही. तुमच्याच कसोटीने नाही." न्यायाधीशांच्या आवाजात काही राग नव्हता. उलट शिकवल्यासारखे बोलत होते. "हे बघा, कायद्याचं गणित सरळ आहे. ज्या विषयातून सुटका नाही, तो निखळ माहितीचा असलाच पाहिजे, कारण मूल तिथे अडकलेलं आहे. आणि ज्या विषयात श्रद्धा शिकवायची, त्यात सुटका ठेवलीच पाहिजे. म्हणजे सुटकेची मुभा ही श्रद्धा शिकवण्याची अट आहे. ती अट तुम्ही आधीच पुरी करून ठेवलीत. मग श्रद्धा शिकवायला कायद्याने अडचण काय उरली?"

"मग ती ओळ काढून टाका," बाई म्हणाली. "आत्ता काढा. मी लिहून देते."

आता सचिवांना कंठ फुटला. "बाई, असं कसं? पालक संघटनांना प्रती गेल्या. पालकांना हक्क दिला आणि आठ दिवसांत काढून घेतला असं उद्या छापून येईल. मंत्रीसाहेबांना कोण तोंड देणार?"

धर्मगुरू हळूच म्हणाले, "ताई, तुमचं एक वाक्य मला फार पटलं. सगळे धर्म रांगेत मांडणं हीसुद्धा निष्पक्ष गोष्ट नाही, हे तुमचंच. मग आपापल्या मुलांना आपापलं शिकवू द्या ना. तुमचा विषय बंद थोडाच होतोय? नावही तेच ठेवू. धर्मपरिचय."

बाई भांडली, नाही असं नाही. म्हणाली, पाटी तीच ठेवून आतला माल बदलणं ही फसवणूक आहे. म्हणाली, मी विरोधकाची बाजू मांडली ती माझं मत म्हणून नव्हे. न्यायाधीशांनी मान हलवली. ते म्हणाले, "निबंधात तुमचं मत आणि त्यांचं मत असं वेगळं काढता येतं, बाई. कलम मात्र ज्याने लिहिलं त्याचंच."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगीच नाही. निर्णय झाला. धर्मपरिचय राहील. ज्या धर्माची निदान पंधरा मुलं शाळेत असतील त्याच्या परिषदेने आपला शिक्षक द्यावा, आपलं पुस्तक द्यावं. गुण प्रगतीपुस्तकात धरले जातील. ज्यांना नको ते, आणि ज्यांच्या धर्माची पंधरा मुलं नाहीत ते, वगळलेले. अहवालाच्या पहिल्या पानावर समितीने बाईचे आभार मानले होते. बाईने ते पान वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून ढसाढसा रडली. नवरा शेजारी उभा राहिला. "मी म्हटलं होतं" हे शब्द त्याच्या ओठांवर आले असणार, पण तो भला माणूस, गिळून टाकले त्याने.

नव्या वर्षी वेळापत्रकात धर्मपरिचयाच्या तासाला घंटा झाली की आठवीत गेलेला तो वर्ग उठायचा आणि फुटायचा. मोठा घोळका मोठ्या खोलीत, दुसरा घोळका प्रयोगशाळेत, आणि उरलेली मुलं ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये दोन लांब बाकांवर. अकरा जण. मौनवाल्या आजीची नात त्यात होतीच, तिच्या धर्माची पंधरा मुलं आणणार कुठून? आणि भिंगरी होती. अध्यात नाही मध्यात नाही अशा घरची पोर दुसरीकडे कुठे बसणार?

त्यांच्यावर देखरेखीला कोण? तराजूबाई. तिची नोकरी कुणी काढली नव्हती, हेही एक उपकारच. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "बाई, त्यांना काही शिकवायचं नाही हं."

"म्हणजे?"

"नियम आहे. वगळलेल्यांना त्या तासाला काही शिकवलं तर आत बसलेल्यांचं नुकसान होतं, अशी पालकांची तक्रार येईल. श्रद्धा पाळणाऱ्या मुलाने मागे का पडावं? म्हणून गृहपाठ करू द्या, चित्रं काढू द्या. शिकवणं नको. आणि तुमचा जुना विषय तर अजिबातच नको."

"म्हणजे मी तिथे बसून काय करायचं?"

"शांतता राखायची," मुख्याध्यापक म्हणाले, आणि बिचाऱ्यांनी नजर खाली घातली.

तर अठरा वर्षं शिकवलेली बाई पॅसेजमध्ये खुर्ची टाकून शांतता राखू लागली. ये-जा करणारा शिपाई, फी भरायला आलेले पालक, वरच्या वर्गांतली टारगट पोरं, सगळे बाकांकडे बघत जायचे. कमीपणा वाटू नये म्हणे! आठवडाभरात त्या मुलांना नाव पडलं, 'बाकडेवाले'. मग खेळाच्या तासालाही बाकडेवाले वेगळे निवडले जाऊ लागले. कुणी मुद्दाम केलं असं नाही. आठवड्यातून दोनदा जे वेगळे उठून जातात, ते इतर वेळीही वेगळे वाटायला लागतात, एवढंच.

मोठ्या खोलीचं दार उघडं असायचं. आतून गाण्याचा आवाज यायचा. धर्मपरिषदेने पाठवलेली शिक्षिका तरुण होती, गोड गळ्याची. पोरांना गोष्टी सांगायची, वाढदिवस लक्षात ठेवायची. वाईट असती तर बाईने तिला मनातल्या मनात चार शिव्या तरी घातल्या असत्या.

भिंगरी आधी काही बोलली नाही. मग तिचं जेवण कमी झालं. मग एक दिवस संध्याकाळी दप्तर न काढताच तिने विचारलं, "आई, माझी ती मुभा काढून टाकता येते का?"

"कशाला?"

"मला आत बसायचंय."

"तिथे काय शिकवतात ठाऊक आहे ना तुला? ते लोक जे मानतात तेच खरं, असं शिकवतात. तुला ते खरं वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही," भिंगरी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "मला फक्त बाकड्यावर बसायचं नाहीये. तू खुर्चीत बसतेस, तुला काय होतंय? माझ्या वाढदिवसाला या वेळी दोघीच आल्या. दोन्ही बाकडेवाल्या."

बाईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "आपली तत्त्वं आपण पाळू गं. पोरीच्या खांद्यावर कशाला ठेवायची?" निबंधात असतं तर तिने दोन्ही बाजू मांडल्या असत्या. इथे एकच बाजू होती, आणि ती रडत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने लेकीची मुभा सोडल्याची सही केली.

वर्ष सरता सरता सचिवाचा फोन आला. आवाज तोच, लोण्यासारखा. "बाई, अभिनंदन! तुमच्याच शाळेचा आकडा आम्ही मंत्रीसाहेबांना दाखवला. वगळलेले अकरा होते, आता चारच उरले. कुणावर जबरदस्ती नाही, लोक आपणहून येतायत. लोकांना हेच हवं होतं, आता पुरावाच मिळाला. पुढच्या वर्षी पाचवीपासून सुरू करतोय."

त्या आकड्यात तिची सही होती. बाईने फोन ठेवला. तिला सचिवाचा राग आला, न्यायाधीशांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

भिंगरी मात्र फुलली होती. जेवत होती, गात होती, मैत्रिणींचा गोतावळा परत आला होता. प्रगतीपुस्तकात धर्मपरिचयात पैकीच्या पैकी. बाई मनाला समजावायची, चला, पोर तरी सुखात आहे. शिकेल, मोठी होईल, सोडून देईल. आपण नाही का कितीतरी गोष्टी सोडल्या?

आणि मग एका संध्याकाळी पानं वाढलेली असताना भिंगरी ताटापुढे बसलीच नाही. दारात उभी राहिली. डोळे लाल.

"काय झालं गं? कुणी काही बोललं?"

"नाही." मग दारातूनच, "आज धडा संपला. शेवटचा."

"कसला धडा?"

"जे मानत नाहीत त्यांचं मेल्यानंतर काय होतं, तो."

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. बाईने अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, "बरं. काय होतं म्हणतात ते?"

"मी नाही सांगणार," भिंगरी म्हणाली, आणि धावत येऊन तिने आईच्या कमरेला मिठी मारली. एवढी मोठी मुलगी, लहान बाळासारखी थरथरत होती. "आई, तू एकदा म्हण ना की मी मानते. एकदाच म्हण. मोठ्याने. टीचर म्हणाल्या, एकदा म्हटलं तरी चालतं, शेवटी म्हटलं तरी चालतं. बाबा पण म्हणतील. आधी तू म्हण."

बाईच्या तोंडाशी सगळं आलं. ते लोक असं मानतात, त्यांच्यातच काही जण तसं मानत नाहीत, आणि कितीतरी घरांत हा धडाच नाही, तीही चांगली माणसं असतात. अठरा वर्षं शेकडो पोरांना सांगितलेलं सगळं तोंडाशी आलं. पण जी पोर भीतीने थरथरतेय तिला मतमतांतरं सांगून कुणाची भीती गेलीय?

तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"मानते," ती म्हणाली. "मी मानते, बाळा."

भिंगरीने मान वर करून आईच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिची मिठी सुटली.

"तू खोटं बोलतेयस," ती म्हणाली, आणि आईसाठी प्रार्थना करायला आतल्या खोलीत निघून गेली.